पट्टी सांगते ३८, बोट सांगतं ७८

प्रश्न: माझी आई (वय ६७) धायरीला राहते. तिचा ईसीजी घराजवळच्या दवाखान्यात काढला आणि भावाने त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं, असं वाचलं होतं. मी मोजले तर कधी ७ येतात, कधी ८. म्हणजे ठोके ४३ किंवा ३८. पण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ७८ दाखवतंय. आईला त्रास काही नाही, नेहमीची तपासणी होती. मोजण्यात माझं काय चुकतंय?

उत्तर: चौकोन तुम्ही जवळजवळ बरोबर मोजलेत, चुकलाय तो ३०० चा आकडा. तुम्ही जोडलेला फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. ही पट्टी नेहमीच्या दुप्पट वेगाने काढलेली दिसते, आणि तशा पट्टीला ३०० नाही, ६०० घ्यायचे असतात. ७ की ८ हा घोळ वेगळा आहे, तो आधी सोडवू, कारण तो सगळ्यांचाच होतो.

मी पुण्यात एका रुग्णालयात सव्वीस वर्षं ईसीजी काढते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. त्यामुळे पट्टीत आजार कोणता दिसतो ते मी सांगणार नाही. कागद, मशिन आणि चौकोन यांच्याबद्दल मात्र खात्रीने बोलू शकते.

हे ३०० येतात कुठून, ते एकदा समजलं की ते कधी वापरायचे नाहीत तेही आपोआप कळतं. ईसीजीचा कागद मशिनमधून ठरावीक वेगाने बाहेर येतो. नेहमीचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर. कागदावरचा बारीक चौकोन १ मिलिमीटरचा असतो, आणि असे पाच बारीक चौकोन झाले की एक जाड रेघ येते. दोन जाड रेघांमधला तो मोठा चौकोन, ५ मिलिमीटरचा. सेकंदाला २५ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला पाच मोठे चौकोन, आणि मिनिटाला ३००. एक ठोका पडल्यापासून पुढचा पडेपर्यंत चार मोठे चौकोन सरकले, तर मिनिटाच्या ३०० चौकोनांत असे ७५ ठोके बसतात. गणित एवढंच. म्हणजे हे ३०० हृदयाचे नाहीत, कागदाच्या वेगाचे आहेत. वेग बदलला की आकडा बदलला.

आता मोजणी. फोटोतली खालची लांब ओळ घ्या, जिच्या सुरुवातीला II लिहिलेलं आहे. लीड म्हणजे हृदयाची वीज ज्या बाजूने टिपली जाते ती बाजू. वरच्या ओळींत ती मध्येच बदलते आणि टोकाचा आकारही बदलतो, त्यामुळे नवख्या माणसाची नजर फसते. II च्या ओळीत एकच लीड सलग चालते. अंतर मोजायचं ते एका उंच, सुईसारख्या टोकापासून पुढच्या तशाच टोकापर्यंत. सुईच्या मागोमाग येणारा गोलसर उंचवटा मोजायचा नाही, तो त्याच ठोक्याचा मागचा भाग असतो.

जाड रेघेवर, किंवा रेघेच्या अगदी जवळ पडलेलं टोक शोधा. तुमच्या फोटोत डावीकडून दुसरं टोक जवळपास रेघेवर आहे. त्या रेघेला शून्य म्हणायचं. इथेच बरेच जण पहिल्या रेघेला ‘एक’ म्हणून सुरुवात करतात आणि एक चौकोन जास्त मोजून बसतात. जिना मोजताना आपण उभे आहोत ती पायरी धरत नाही, तसंच हे. पुढची जाड रेघ एक, त्याच्या पुढची दोन. असं सातपर्यंत गेलात की पुढचं टोक सातव्या आणि आठव्या रेघेच्या मध्ये कुठेतरी पडतं. म्हणून एकदा तुम्हाला ७ वाटले आणि एकदा ८. दोन्ही वेळा तुम्ही उरलेला तुकडा गिळून टाकलात.

तो तुकडा बारीक चौकोनांत मोजायचा. एक बारीक चौकोन म्हणजे मोठ्याचा पाचवा हिस्सा, ०.२. फोटोत सातव्या रेघेनंतर साडेतीन-चार बारीक चौकोन दिसतात, म्हणजे ७.७ किंवा ७.८. अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत बारीक रेघा बऱ्याचदा विरघळतात. गुलाबी रंगाचा नुसता डाग उरतो, जाड रेघा तेवढ्या वाचतात. तुमच्या फोटोतही उजवीकडे तसंच झालंय. अशा वेळी बारीक रेघा डोळे ताणून शोधण्यापेक्षा जास्त ठोके एकदम मोजणं चांगलं.

ते असं. पहिल्या टोकापासून पाचव्या टोकापर्यंत सगळे मोठे चौकोन सलग मोजले. ३१ आले. पाच टोकांमध्ये अंतरं चारच असतात, पाच नाही. ही दुसरी ठरलेली चूक, पहिल्या रेघेला ‘एक’ म्हणण्याचीच बहीण. ३१ ला ४ ने भागलं की एका अंतराचे सरासरी ७.७५ चौकोन. आता टोक नेमकं कुठे आहे हे ठरवताना अर्ध्या चौकोनाची चूक झाली, तरी ती चार अंतरांत वाटली जाते. एकच अंतर मोजलं असतं तर ती सगळी एकाच आकड्यावर बसली असती. चारही अंतरं वेगवेगळी मोजून पाहिली तेव्हा साधारण ७.५, ७.८, ७.७ आणि ८ आली. श्वास आत-बाहेर होताना ठोक्यांमधलं अंतर थोडं कमी-जास्त होतंच, त्यामुळे एवढ्या फरकाने बिचकू नका.

या ७.७५ ने ३०० ला भागलं तर ३९ येतात आणि ६०० ला भागलं तर ७७. ऑक्सिमीटर ७८ म्हणतंय. पण ‘उत्तर जुळतंय म्हणून ६०० घ्या’ एवढ्यावर मी थांबणार नाही. जुळवून घेतलेलं उत्तर माणसाला फसवतं. पट्टीच काय सांगते ते पाहू.

बहुतेक मशिनमध्ये वेग बदलायचं बटण असतं. २५ च्या जागी ५० केलं की कागद दुप्पट वेगाने पळतो, आणि तेच ठोके कागदावर दुप्पट लांब पसरतात. मोठा चौकोन आता सेकंदाचा पाचवा भाग राहत नाही, दहावा होतो. मिनिटाला असे ६०० चौकोन जातात. लहान मुलांचे ठोके जलद असतात, ते दाटीवाटीने छापले जाऊ नयेत म्हणून कुणी हा वेग मुद्दाम लावतं. काही मशिन बंद करून चालू केलं तरी शेवटचा वेग लक्षात ठेवतात. मग पुढच्या माणसाची पट्टीही ५० वर निघते, आणि बटण कुणी दाबलं ते कुणालाच आठवत नसतं.

वेग पट्टीच्या कडेला छापलेला असतो. बारीक अक्षरांत `25 mm/s` किंवा `50 mm/s`, आणि त्याच्या शेजारी `10 mm/mV`. तुमच्या भावाने फोटो नीटनेटका दिसावा म्हणून कडा कापून टाकल्यात, त्यांबरोबर ही ओळही गेली. वरचा कोपराही गेलाय, जिथे मशिन स्वतः मोजलेले ठोके `HR` असं लिहून छापतं. फोटो छान आलाय, फक्त ज्या दोन गोष्टींनी तुमचा प्रश्न एका सेकंदात सुटला असता त्या दोन्ही त्यात नाहीत.

पण वेग वाढतो तेव्हा तो फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर पसरवत नाही, सगळंच पसरवतो. फोटोत ती मधली सुई तळाशी किती रुंद आहे पाहा: जवळपास चार बारीक चौकोन. २५ च्या हिशोबाने हे ०.१६ सेकंद झालं, आणि नॉर्मल सुई ०.१२ च्या आत असते. सुईच्या आधीच्या छोट्या टेकडीच्या सुरुवातीपासून सुईपर्यंत आठ बारीक चौकोन आहेत. २५ च्या हिशोबाने ०.३२ सेकंद, तेही लांबलेलं, कारण त्याची नेहमीची हद्द ०.२० पर्यंत. सुईच्या सुरुवातीपासून मागच्या गोल उंचवट्याच्या शेवटापर्यंत एकोणीस चौकोन, म्हणजे ०.७६ सेकंद. हे तर फारच झालं. आता हेच तिन्ही आकडे ५० च्या हिशोबाने मांडा: ०.०८, ०.१६ आणि ०.३८. तिन्ही सरळ नेहमीच्या हद्दीत येऊन बसतात.

आता तुम्हीच ठरवा. आईच्या हृदयात एकाच वेळी ठोके निम्मे, सुई रुंद, आधीचं अंतर लांब आणि मागचंही लांब असे चार बिघाड असावेत, आणि तरीही आईने उठून चहा केलेला असावा? की मशिनचं एक बटण सरकलेलं असावं? मी बटणावर पैज लावेन. मंद ठोक्यांची खरी पट्टी वेगळी दिसते. तिच्यात दोन ठोक्यांमधली रिकामी जागा वाढते, पण अनेकदा सुई आपली तेवढीच बारीक राहते. इथे सुईसुद्धा ताणलेली आहे, रबरावर काढलेलं चित्र ओढावं तशी.

एक सावधगिरी. ओळीच्या सुरुवातीला दरवाजाच्या चौकटीसारखी एक खूण छापलेली दिसते ना, तिच्यावरून वेग ठरवायला जाऊ नका. ती खूण उंचीसाठी आहे: एक मिलिव्होल्टला दहा बारीक चौकोन उंच. तिची रुंदी काही मशिनवर वेगाबरोबर बदलते, काहींवर नाही.

ऑक्सिमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. ते बोटातल्या रक्ताची लाट मोजतं, हृदयातली वीज नाही. हात हलला, बोटं गार असली, तर आकडा भलताच येतो. कधी एकाच लाटेचे दोन उंचवटे त्याला दोन ठोके वाटतात आणि आकडा दुप्पट होतो. म्हणजे ‘ईसीजी ३९, ऑक्सिमीटर ७८’ या जोडीत चुकीचं ऑक्सिमीटर असणंही शक्य होतं. उलट्या दिशेचा फरकही असतो: हृदयात ठोका पडतो पण इतका कमजोर की मनगटापर्यंत पोचतच नाही, तेव्हा नाडी ईसीजीपेक्षा कमी भरते. खरी नाडी ईसीजीपेक्षा जास्त मात्र भरू शकत नाही, कारण वीज आल्याशिवाय ठोका पडत नाही. त्यामुळे आईच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, अंगठा नको, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून पूर्ण मिनिट मोजा. सत्तरच्या पुढेमागे भरली तर ३८ हा आकडा तिथेच बाद होतो. पट्टी सकाळी काढली आणि नाडी संध्याकाळी पाहिली तर पाच-दहाचा फरक पडेल, पण निम्मं-दुप्पट होणार नाही.

हे सगळं मी एवढ्या ठासून सांगतेय कारण यात एकदा मी स्वतः आपटले आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. त्या वेळी ज्या रुग्णालयात होते तिथलं मशिन आधी मुलांच्या वॉर्डात गेलं होतं आणि तसंच माझ्याकडे परत आलं. जुनं, एका वेळी एकच लीड छापणारं मशिन, ठोक्यांचा आकडा छापणारं नव्हे. सत्तरीचे एक आजोबा गरगरतंय म्हणून आले होते. पट्टी काढली, नऊ चौकोन मोजले आणि नवशिक्या डॉक्टरांना मोठ्या हुशारीने सांगितलं, “सर, तेहतीसच आहेत.” सर धावले, ठोके वाढवणारं अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरूनही झालं. तेवढ्यात वॉर्डच्या सिस्टरांनी आजोबांचा हात हातात घेतला, घड्याळाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, नाडी तर पासष्ट-सत्तर लागतेय. काय मोजलंस?” मी मशिनकडे पाहिलं. वेगाचं बटण ५० वर. ६०० भागिले ९, सदुसष्ट. इंजेक्शन टोचलं गेलं नाही. तेव्हापासून पट्टी हातात आली की माझी नजर आधी कडेवर जाते, टोकांवर नंतर.

मशिनने छापलेला आकडा मिळाला तर? तो उपयोगाचा आहे, पण त्यातही एक खोच आहे. मशिन चौकोन मोजत नाही, आपल्या आतल्या घड्याळावर टोकांमधला वेळ मोजतं. कागद कितीही पळाला तरी त्याचा आकडा बदलत नाही. त्यामुळे छापलेले ७८ आणि चौकोनांवरून ३९ असं आलं, तर पहिला संशय वेगाचा. पण असाच दुपटीचा फरक आणखी एका कारणाने पडतो. सुईच्या मागचा गोल उंचवटा कधी कधी सुईएवढाच उंच आणि टोकदार होतो. किडनीच्या रुग्णांत रक्तातलं पोटॅशियम वाढलं की असं दिसतं. मग मशिन त्यालाही ठोका समजतं. डायलिसिससाठी आलेल्या एका बाईंच्या पट्टीवर मी `HR 142` छापलेलं पाहिलंय. सुईपासून सुईपर्यंत मोजलं तर एकवीस बारीक चौकोन. मिनिटाला बारीक चौकोन १५००, भागिले २१, एकाहत्तर. मशिनने प्रत्येक ठोका दोनदा धरला होता.

दोन्हीकडे चौकोनांचं उत्तर छापलेल्याच्या निम्मं येतं. मग खरं कुणाचं? मनगट सांगतं. वेग ५० असेल तर नाडी छापलेल्या आकड्याशी जुळते. उंचवटा दोनदा मोजला गेला असेल तर नाडी चौकोनांच्या आकड्याशी जुळते. त्या बाईंची नाडी बहात्तर लागली, कडेला वेगही २५ छापलेला होता. आणि तो टोकदार उंचवटा हीच मोठी बातमी असल्यामुळे डॉक्टरांना लगेच बोलावलं.

फोटोतून मोजायचं म्हटल्यावर लोकांना तिरकेपणाची फार काळजी वाटते. तिची गरज नाही. चौकोन आणि टोकं एकाच कागदावर आहेत. फोटो लांबून काढा, तिरका काढा, झूम करा, एका बाजूने ताणला गेला तरी चालेल: टोकांमधलं अंतर जितकं ताणलं जातं तितकेच चौकोनही ताणले जातात, संख्या तीच राहते. उलटा फोटो आला तरी आकडा तोच. म्हणूनच मोबाइलच्या पडद्यावर मोजपट्टी ठेवून मिलिमीटर मोजणाऱ्यांना मी हात जोडते. पडद्यावरच्या मिलिमीटरला काही अर्थ नाही, कागदावरच्या चौकोनालाच आहे. अंतर दुसरीकडे नेऊन ताडून पाहायचं असेल तर झूम अजिबात न हलवता कोऱ्या कागदाची कडा पडद्याला लावा, दोन टोकांशी पेन्सिलने खुणा करा आणि कडा पुढच्या जोडीवर सरकवा. खुणा बसल्या तर ठोके एकसारखे.

खरा दगा देतात ते जोड. छोट्या दवाखान्यांत अजून एका वेळी एक किंवा तीनच लीड छापणारी मशिनं आहेत, आणि त्यांची लांब पट्टी कापून तुकडे फाइलच्या कागदावर चिकटवतात. तुमच्या फोटोत उजवीकडून साधारण एक तृतीयांशावर सेलोटेपची चमक दिसते. तिच्या खाली दोन तुकडे एकमेकांवर चढलेत, चौकोनांच्या जाड रेघा तिथे एका ओळीत येत नाहीत. त्या जोडावरून मोजलं तर मधले दोन-तीन चौकोन पोटात गेलेले असतात आणि ठोके उगाच जलद वाटतात. मी मोजलेली पाच टोकं जोडाच्या डावीकडची आहेत. कागदाला घडी असेल तरी हेच. शिवाय हा कागद उष्णतेवर छपाई होणारा असतो, टेपखालची अक्षरं कालांतराने पुसट होतात, म्हणून चांगला फोटो किंवा झेरॉक्स आजच काढून ठेवा.

तुमच्या आईच्या पट्टीवर ही रीत चालते कारण ठोके एकसारखे आहेत आणि फार जलद नाहीत. ठोके जलद असले की चौकोनांची रीत ठिसूळ होते. दोन टोकांमध्ये २५ च्या वेगाने दोनच मोठे चौकोन असतील, म्हणजे दहा बारीक, तर उत्तर १५०. पण एक बारीक चौकोन इकडे मोजला तर १६७, तिकडे मोजला तर १३६. पुसट फोटोत एका मिलिमीटरची चूक सहज होते. तुमच्या पट्टीत तीच चूक केली तर फरक एक-दोन ठोक्यांचाच पडतो. आणि ठोके बेशिस्त असतील, एक अंतर तीन चौकोनांचं, पुढचं पाचांचं, मग साडेतीनाचं, तर एका जोडीवरून भागाकार करूच नये. तिथे २५ च्या पट्टीवर ३० मोठे चौकोन मोजायचे, ते सहा सेकंद झाले. त्यांत किती सुया आल्या ते मोजून दहाने गुणायचं. पट्टी ५० ची असेल तर सहा सेकंदांसाठी ६० चौकोन लागतात, हे विसरलात तर पुन्हा निम्म्यावर याल.

भावाला एवढंच सांगा: पट्टी टेबलावर सपाट ठेव, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको, चारही कडा फोटोत येऊ देत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, म्हणजे बारीक रेघा विरघळणार नाहीत. कडेला `50 mm/s` दिसलं की तुमचं उत्तर ७७-७८, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हा वेग दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी ही पट्टी जुन्या पट्ट्यांशेजारी ठेवली तर कुणी दचकणार नाही. कडेला `25 mm/s` निघालं तर माझा अंदाज चुकला. मग मी वर २५ च्या हिशोबाने मांडलेली ती लांबलेली अंतरंही खरी ठरतात, आणि नाडी काहीही लागो, ती पट्टी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. आईला चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर पट्टी, चौकोन, भागाकार सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

नाडी मिनिटभर मोजून किती भरली ते मात्र मला कळवा.